हायब्रीड म्हणजे काय, जीएम म्हणजे काय, आणि कापसाच्या पिशवीत नेमकं काय असतं

प्रश्न : मी परतूर तालुक्यातला. तीन एकर कापूस आणि दीड एकर मका करायचा आहे. दुकानदार म्हणाला, कापूस हायब्रीड आहे. दुसरा म्हणाला, तो बीटी म्हणजे जीएम आहे. मकाही हायब्रीडच आहे म्हणे, मग तोही जीएम का? कापसाची घरची सरकी का लावायची नाही? आणि गावात एक जण बिनबिलाचं ‘तणनाशकवालं’ बी देतोय, ते घ्यावं का?

उत्तर :

दुकानदार दोघंही खरं बोलले. तुमचा कापूस हायब्रीडही आहे आणि जीएमही आहे. मका मात्र हायब्रीड आहे, जीएम नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, त्यामुळे ‘हे की ते’ अशी निवड करायची नसते. हायब्रीड हा शब्द बी कसं तयार झालं ते सांगतो. जीएम हा शब्द त्या बियात बाहेरून काय घातलंय ते सांगतो. एखादं बी दोन्ही असू शकतं, दोन्हींपैकी एक असू शकतं किंवा एकही नसू शकतं. तुमच्या शेजाऱ्याचं सोयाबीन घ्या. ते बहुतेक साधं सरळ वाण असेल, म्हणजे हायब्रीडही नाही आणि जीएमही नाही.

मी बरीच वर्षं कपाशीच्या बीजोत्पादनात घालवली आहेत, म्हणून कापसाच्या वाटेनंच सांगतो. त्यात सगळं एकत्र सापडतं.

हायब्रीड बी कारखान्यात बनत नाही, शेतात माणसांच्या नखांनी बनतं. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये दोन वेगवेगळी वाणं लावलेली असतात, एक मादी म्हणून आणि एक नर म्हणून. दुपारी तीननंतर बाया मादीच्या ओळींत शिरतात. उद्या सकाळी जे फूल उमलणार ती कळी ओळखू येते. ती फुगलेली असते आणि पाकळ्यांचं पिवळसर टोक हिरव्या पातीतून वर आलेलं असतं. कळीच्या बुडाशी अंगठ्याचं नख गोल फिरवायचं आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी वर उचलून काढायची. आत फक्त बोंडाचा छोटा गोळा आणि त्यावरची उभी काडी राहते. एक जरी परागकोष चिकटून राहिला तरी ते बोंड स्वतःच्याच परागानं धरतं आणि बी हायब्रीड होत नाही. केलेली कळी सापडावी म्हणून तिच्यावर लाल कागदाचा तुकडा अडकवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास नराचं उमललेलं फूल तोडून त्या काडीच्या टोकावर हलक्या हातानं फिरवायचं. एका नरफुलात चार-पाच कळ्या होतात. जी कळी आदल्या दिवशी नजरेतून सुटली आणि सकाळी उमलली, ती तोडून टाकायची. असं रोज, दोन-अडीच महिने. तुमच्या पिशवीतली सरकी या कष्टातून आलेली असते, आणि हायब्रीड बी महाग का असतं याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

या सगळ्या खटाटोपात प्रयोगशाळेचा, जनुक घालण्याचा काहीही संबंध नाही. दोन जातिवंत पण वेगळ्या आईबापांचं पहिल्या पिढीचं पोर दोघांपेक्षा जोमदार निघतं, तेवढाच फायदा घ्यायचा. जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापसाचं वाण, एच-४, सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलं आणि ते १९७० मध्ये आलं. त्या वेळी बीटीचं नावही आपल्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. मक्यात हेच काम सोपं आहे, कारण तुरा वर असतो आणि कणीस खाली. मादी ओळींतले तुरे पराग सांडायच्या आत उपटून टाकले की झालं. बाजरी आणि ज्वारीत तर नर-वंध्य ओळी वापरतात, तिथं हातानं काही काढावंच लागत नाही. टोमॅटो, मिरची, कलिंगड, फुलकोबी यांची दुकानातली महागडी पाकिटं अशीच संकरित असतात. त्यांतलं कुठलंही जीएम नाही.

आता जीएम. इंग्रजी नाव बाजूला ठेवा, मराठीत त्याला जनुकीय सुधारित म्हणतात. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. त्याच्या नावाची दोन अक्षरं म्हणजे बीटी. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. ते काही विशिष्ट अळ्यांच्या पोटात गेलं की आतड्याला छिद्रं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. हाच जिवाणू भुकटीच्या रूपात जैविक कीटकनाशक म्हणून फवारतातही. शास्त्रज्ञांनी ते प्रथिन बनवणारं जनुक काढून अमेरिकेतल्या कोकर-३१२ नावाच्या कपाशीच्या पेशीत बसवलं. दोन झाडांच्या संकरातून हे कधीच झालं नसतं, कारण जिवाणू आणि कपाशी यांचं लग्न लागत नाही. म्हणून ते जीएम. नंतर त्या कपाशीचा आपल्याकडच्या आईबाप वाणांशी पिढ्यान्‌पिढ्या परतसंकर करत, बाकीचे सगळे गुण आपल्या वाणाचे ठेवून फक्त ते जनुक आत आणलं.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं १९८०च्या दशकात एनएचएच-४४ हे संकरित वाण दिलं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी ते वर्षानुवर्षं लावलं. ते हायब्रीड होतं, जीएम नव्हतं. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत बिगर-बीटी वाणं दुकानांतून जवळपास हद्दपार झाली. त्यात एनएचएच-४४ सुद्धा मागं पडलं. पुढं परभणीच्या विद्यापीठानं महाबीजबरोबर करार करून त्याच एनएचएच-४४ मध्ये बीटी जनुक आणलं. आईबाप तेच, बोंड तसंच, रसशोषक किडींना तोंड देण्याचा गुण तोच, फक्त अळीसाठीचं प्रथिन नवीन. वाण तेच असताना आधी ते फक्त हायब्रीड होतं, आता हायब्रीड आणि जीएम दोन्ही आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की दुकानात गोंधळ होत नाही.

आज भारतात व्यापारी लागवडीला परवानगी असलेलं जीएम पीक एकच आहे, कापूस. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं स्थगिती दिली ती अजून आहे. जीएम मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ती शेतकऱ्याच्या पेरणीपर्यंत पोहोचली नाही. म्हणून मका, सोयाबीन, टोमॅटो यांचं बी कुणी ‘जीएम आहे, जास्त पिकतं’ म्हणून देऊ लागला, तर तो एकतर चुकीचं बोलतोय किंवा बेकायदा माल विकतोय.

आता दुकानात सगळ्यात जास्त कुठं फसगत होते ते सांगतो. विक्रेता म्हणतो, ‘या कंपनीचं बीटी कडक आहे, त्या कंपनीचं हलकं आहे.’ हे खरं नाही. आज विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या पिशव्यांत बीजी-२ हेच तंत्र आहे, म्हणजे क्राय-१एसी आणि क्राय-२एबी ही तीच दोन जनुकं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या हायब्रीडांत घातलेली. जनुक सारखं, वेगळं काय तर हायब्रीड. आणि उत्पादन बीटी जनुकामुळं वाढत नाही. बीटी फक्त अळीनं होणारं नुकसान वाचवतं. बोंड किती मोठं, पीक किती दिवसांत निघतं, पानावर लव किती, तुडतुडे लागले तर पानं लगेच लाल पडतात का, हलक्या रानात तग धरतं का, हे सगळं हायब्रीड ठरवतं. बीजी-२ पिशवीची कमाल किंमतही सरकार ठरवतं. २०२५च्या खरिपासाठी ४७५ ग्रॅमला ९०१ रुपये ठरले होते. म्हणून एखाद्या नावाला टंचाई दाखवून कुणी जास्त पैसे मागत असेल, तर तो बीटीचे नव्हे, नावाचे पैसे मागतोय.

त्या ४७५ ग्रॅममध्ये एक गोष्ट अशी आहे की ती माहीत नसल्यामुळं दरवर्षी तक्रारी होतात. त्यातली २५ ग्रॅम सरकी मुद्दाम बिगर-बीटी मिसळलेली असते. म्हणजे साधारण वीस झाडांमागं एक झाड अळीला मोकळं. आधी १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट मिळायचं, ते रानाच्या कडेनं लावायचं असायचं. बहुतेकांनी ते बांधावर फेकलं, म्हणून आता मिसळूनच देतात. त्या झाडांवर जगलेले पतंग बीटीवर वाचलेल्या पतंगांशी जुळावेत आणि बीटी पचवायची ताकद असलेली अळी लवकर वाढू नये, हा हेतू. तेव्हा रानात अधूनमधून एखाद्या झाडाला हिरवी बोंडअळी दिसली, तर लगेच ‘बी बोगस’ म्हणू नका.

आता घरच्या सरकीचा प्रश्न. गावात अजून ऐकू येतं की हायब्रीडचं बी दुसऱ्या वर्षी उगवतच नाही, कंपन्यांनी ते वांझ केलंय. तसं नाही. चांगली वाळवलेली सरकी छान उगवते. अडचण उगवण्यात नाही, उगवलेलं काय निघतं त्यात आहे.

पिशवीतलं प्रत्येक बी सख्ख्या भावंडासारखं एकसारखं असतं, कारण आईबाप ठरलेले. पण त्या झाडाचं बोंड स्वतःच्या परागानं धरतं तेव्हा आजोबा-आजीचे गुण पुन्हा सुटे होतात. काही झाडं उंच, काही ठेंगणी, काही लवकर येणारी, काही नुसतीच पाल्याची. आणि बीटीची जनुकंही अशीच सुटी होतात. बहुतेक हायब्रीडांत ती एकाच बाजूच्या पालकाकडून आलेली असतात, म्हणजे झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. पुढच्या पिढीत ती प्रत कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही. दोन्ही जनुकं आपापली स्वतंत्र वाटली जातात. हिशेब करून बघा. चार बाय दीड फुटावर एकरी ७,२६० झाडं बसतात. घरच्या सरकीतून तेवढी झाडं उभी केली, तर त्यांतल्या साधारण ४,०८० झाडांत दोन्ही प्रथिनं असतील. १,३६० झाडांत फक्त पहिलं, १,३६० झाडांत फक्त दुसरं, आणि साडेचारशेच्या आसपास झाडांत एकही नाही. मधमाशा फिरतात, त्यामुळं आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच. अळीला निम्म्या ताकदीच्या औषधाची सवय लावायची असती, तर यापेक्षा चांगली व्यवस्था करता आली नसती.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेही त्या तणनाशकवाल्या बियाच्याच रानात. घनसावंगीकडचे एक ओळखीचे शेतकरी, त्यांनी दोन एकरावर असंच सुट्या पिशवीतलं बी लावलं होतं. देणारा म्हणाला होता, ग्लायफोसेट मारा, तण जळेल आणि कपाशीला काही होणार नाही. पीक महिन्याचं झाल्यावर त्यांनी फवारणी केली आणि आठ दिवसांनी मला बोलावलं. तण जळालं होतं खरं. पण ओळीत चालत गेलो तर दोन-तीन झाडं हिरवीगार, मग एक करपलेलं, पुन्हा तीन-चार हिरवी, पुन्हा एक वाळलेलं. आम्ही एका ओळीतली शंभर झाडं मोजली. सव्वीस वाळली होती. फवारणीची चूक असती तर पट्टेच्या पट्टे जळाले असते. इथं चारांत एक, असं वाटून गेलं होतं. मला तिथंच कळलं की हे कुणाच्या तरी रानातल्या वेचणीची सरकी जिनिंगमधून काढून, रंग लावून, पिशवीत भरलेली आहे. दुसऱ्या पिढीत ज्याला तणनाशक सोसायचं जनुक मिळालं नाही, ते झाड मेलं. अळीचं जनुक वाटून गेलेलं डोळ्याला दिसत नाही. तणनाशकानं ते उघड केलं, एवढंच. त्यांच्याकडं ना बिल होतं, ना पिशवीवर लॉट नंबर. तक्रार कुणाविरुद्ध करणार? देणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं.

त्या बियाला एचटीबीटी म्हणतात, काही जण चोर बीटी म्हणतात. त्याला देशात परवानगी नाही, त्यामुळं विकणं, साठवणं, लावणं सगळं बेकायदा आहे. हे तंत्र शेतकऱ्याला मिळायला हवं की नको, यावर मतं वेगळी आहेत. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं ते उघडपणे लावून आंदोलनही केलं. निंदणीला माणूस मिळत नाही हे दुखणं खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण परवानगीच्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असलात तरी त्या सुट्या पिशवीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. तीन एकरांचा हंगाम त्यावर लावू नका.

तरी एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. आपल्याकडं बीटी आलं ते जवळजवळ फक्त हायब्रीडांतून. अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथं बीटी कापसाची सरळ वाणं लावतात. सरळ वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, त्यामुळं ते दुसऱ्या पिढीत वाटून जात नाही. हायब्रीडात मात्र पिशवीतल्या चांगल्या बियाच्या झाडावर सुद्धा, बोंडाच्या आतल्या सरकीत ही वाटणी झालेलीच असते. आणि गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाते. एका बोंडातल्या काही सरकीत दोन्ही प्रथिनं, काहींत एक, एखाद्यात काहीच नाही, आणि आत बसलेली अळी एकातून दुसऱ्यात सरकत जाते. आपल्याकडं ही अळी इतक्या लवकर बीटी पचवायला शिकली त्याचं हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. दुसरं कारण लांब हंगाम आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवणं. गुजरातमध्ये पहिल्या बीटीला ती २००९-१० मध्ये दाद देईनाशी झाली, मग बीजी-२ लाही, आणि २०१७च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात या अळीनं केवढं नुकसान केलं ते तुम्हाला आठवत असेल.

म्हणून पिशवीवर बीजी-२ लिहिलंय म्हणजे गुलाबी अळीची काळजी मिटली असं धरू नका. हिरव्या आणि ठिपक्यांच्या अळीवर बीटी अजून चांगलं काम करतं. गुलाबीवर नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर तर ते कधीच नव्हतं, ते प्रथिन त्यांच्यासाठी बनलेलंच नाही. पीक दीड महिन्याचं झालं की एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि फुलांत डोमकळी शोधा. पाकळ्या नीट न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून राहिलेल्या दिसल्या तर तोडून नष्ट करा. बोंडं लागल्यावर दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून चाकूनं कापा. बाहेरून बोंड अगदी निरोगी दिसतं, कारण अळी आत शिरते तेव्हा सुईच्या टोकाएवढी असते आणि तिच्या मागं छिद्र बुजून जातं. कापल्यावर सालीच्या आतल्या बाजूला फोडासारखा उंचवटा दिसतो, कवडीतला कापूस पिवळा पडलेला असतो, आणि सरकीत काळ्या डोक्याची पांढरी अळी सापडते. गुलाबी रंग नंतर येतो. विसात दोन बोंडांत अळी निघाली, किंवा सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. नुसतं बाहेरून बघून थांबलात तर वेचणीलाच कळेल.

तुम्हाला घरचं बी ठेवायचीच इच्छा असेल तर तिलाही वाट आहे. नागपूरचं केंद्रीय कापूस संशोधन संस्थान आणि आपल्या कृषी विद्यापीठांनी काही सरळ बीटी वाणं दिली आहेत. ती हायब्रीड नाहीत, पण जीएम आहेत. त्यांची सरकी स्वच्छ ठेवली, दुसऱ्या वाणाची भेसळ होऊ दिली नाही, तर दोन-तीन वर्षं वापरता येते. झाडाचा पसारा कमी असतो म्हणून झाडं दाट लावावी लागतात, आणि बी मिळायला थोडी धावपळ पडते. बोंड लहान म्हणून अनेक जण नाक मुरडतात. हलक्या, उथळ रानात, जिथं सप्टेंबरनंतर ओल टिकत नाही, तिथं लवकर येणारं असं वाण सहा महिने उभ्या राहणाऱ्या हायब्रीडपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं. पण खोल काळ्या, पाणी असलेल्या रानात हायब्रीड पुढं जातं, हेही खरं.

तुमच्या मक्याचं सोपं आहे. हायब्रीड घ्या, दरवर्षी नवीन घ्या. घरच्या कणसांतलं बी लावलं तर झाडं लहान-मोठी निघतात, तुरे आणि केसर एका वेळी येत नाहीत, कणसं अर्धवट भरतात. तिथं जीएमचा विषयच नाही, त्यामुळं ‘खायला चालतं का’ ही शंकाही मनात ठेवू नका.

दुकानात गेल्यावर कापसाच्या पिशवीवर एवढं वाचा. हायब्रीडचं नाव, बीजी-२ असा उल्लेख, लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वापराची शेवटची तारीख. खाजगी कंपन्यांच्या पिशवीला हिरवा टॅग असतो. तो कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर लावलेला असतो, सरकारी प्रमाणीकरणाचा टॅग निळा असतो. हिरवा टॅग म्हणजे वाईट बी नव्हे, पण खात्री देणारी कंपनीच आहे एवढं ध्यानात ठेवा. उगवण संकरित कापसाला किमान ७५ टक्के लागते. ती घरी तपासता येते. शंभर सरकी मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायच्या आणि आठवड्यानं मोजायच्या. बियाला औषध लावलेलं असतं म्हणून हातात मोजे घाला आणि उरलेलं जनावरांपासून लांब ठेवा. पण ही चाचणी फक्त उगवण सांगते. ते बी खरंच त्या हायब्रीडचं आहे का, हे शेतात झाडं उभी राहिल्यावरच कळतं. बीटी आहे का, हे पानाचा तुकडा चुरगळून त्यात पट्टी बुडवायच्या तपासणीनं कळतं, ती तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांमार्फत करून घेता येते.

आणि म्हणूनच पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहून घ्या. तुमच्या तीन एकरांसाठी शक्यतो दोन वेगळी हायब्रीडं घ्या, दोन एकराला एक आणि एकराला दुसरं, आणि कुठल्या ओळीपासून कुठलं सुरू झालं ते बांधावर खूण करून ठेवा. दोन्ही रिकाम्या पिशव्या, टॅग आणि मूठभर सरकी एका डब्यात घालून बिलासकट शेवटच्या वेचणीपर्यंत जपा. पेरणीनंतर दहा-बारा दिवसांत उगवण कमी दिसली, किंवा पुढं झाडं एकसारखी निघाली नाहीत, तर आधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या. तालुक्याची समिती पाहणीला येईपर्यंत रान मोडू नका, दुबार पेरणीची घाई झाली तरी त्यातल्या चार ओळी तशाच उभ्या ठेवा.